डिगॉक्सिन 1.5, रिपोर्टवर 'नॉर्मल', तरी गोळी बंद का केली?

प्रश्न: "आईचं वय 70, नाडी अनियमित असते, हार्ट फेल्युअर पण आहे. डिगॉक्सिनची अर्धी गोळी आठवड्यातून पाच दिवस चालू होती. चार दिवस जेवण नको म्हणते, मळमळ आहे. रक्तात डिगॉक्सिन 1.5 आलं, लॅबने नॉर्मल लिहिलंय. तरी डॉक्टरांनी गोळी बंद केली आणि पोटॅशियम बघायला सांगितलं. फॉक्सग्लोव्ह नावाच्या फुलझाडापासून हे औषध येतं म्हणे, ते हृदयात नक्की करतं काय आणि नॉर्मल असताना बंद का?"

आधी गरजेचं सांगतो. डॉक्टरांनी गोळी बंद केली ते बरोबर केलं, आणि पोटॅशियमचा रिपोर्ट आजच्या आज घ्या, उद्यावर ढकलू नका. आईला चक्कर येत असेल, नाडी पन्नासच्या खाली असेल किंवा बोलण्यात गोंधळ वाटत असेल तर हे वाचत बसू नका, सरळ ईसीजी करायला घेऊन जा.

मी कोल्हापुरात फिजिशियन आहे. आमच्या ओपीडीत डिगॉक्सिनवाले पेशंट अजून बरेच येतात, विशेषतः लहानपणीच्या सांधेतापाने मायट्रल झडप आकसलेले, नाडी कायमची अनियमित झालेले, आणि बीपी आधीच कमी असल्यामुळे बाकीची औषधं जास्त देता येत नाहीत असे. त्यांच्या घरच्यांचा प्रश्न बहुतेक वेळा हाच असतो की रिपोर्ट तर नॉर्मल आहे. तुमच्या आईच्या बाबतीत किडनी कशी चालली आहे, वजन किती, लघवी वाढवणारी पाण्याची गोळी किती, रक्त गोळी घेतल्यानंतर किती तासांनी दिलं, हे मला माहीत नाही आणि बरंचसं त्याच्यावरच अवलंबून आहे. पण 1.5 हा आकडा एकटा बघून चालत नाही एवढं नक्की, आणि का चालत नाही ते कळायला औषध पेशीवर कुठे बसतं तिथून सुरुवात करावी लागेल.

हृदयाच्या स्नायूच्या प्रत्येक पेशीच्या आवरणात सोडियम-पोटॅशियम पंप असतात. हा पंप एटीपी म्हणजे पेशीचं इंधन खर्च करून दर फेरीला तीन सोडियम बाहेर टाकतो आणि दोन पोटॅशियम आत घेतो. डेन्मार्कच्या येन्स स्कोऊ यांनी 1957 मध्ये तो दाखवून दिला आणि त्यासाठी त्यांना 1997 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. पंप सतत चालू असल्यामुळे पेशीच्या आत सोडियम साधारण 10 मिलिमोल आणि बाहेर 140, एवढा मोठा फरक टिकून राहतो. या फरकाचं काम गच्चीवरच्या टाकीसारखं समजा. मोटरने पाणी वर चढवलं की त्या उंचीच्या जोरावर खालचे नळ आपोआप चालतात, त्यांना वेगळी वीज लागत नाही. पेशीतला असा एक महत्त्वाचा नळ म्हणजे सोडियम-कॅल्शियम एक्स्चेंजर. तो तीन सोडियम उताराने आत येऊ देतो आणि त्या जोरावर एक कॅल्शियम बाहेर फेकतो.

आता डिगॉक्सिन येतं आणि पंपाला बाहेरच्या बाजूने चिकटतं. चिकटलेला पंप बंद. काही पंप बंद झाले की आत सोडियम थोडं साचतं, टाकीची पातळी उतरते, मग एक्स्चेंजरचा जोर कमी होतो आणि कॅल्शियम पूर्वीइतकं बाहेर जात नाही. हे उरलेलं कॅल्शियम पेशी आतल्या साठ्यात भरून ठेवते, आणि पुढच्या ठोक्याला त्या साठ्यातून जास्त कॅल्शियम सुटतं, स्नायू जास्त जोरात आकुंचन पावतो. हृदयाला 'ताकद येते' असं जे म्हणतात ते एवढंच. औषध कॅल्शियमला हातही लावत नाही, फक्त सोडियम बाहेर टाकणारा पंप अडवतं.

दुसरा परिणाम व्हेगस नावाच्या नसेमार्फत होतो. डिगॉक्सिनने या नसेचा जोर वाढतो आणि वरच्या कप्प्यांतून खालच्या कप्प्यांकडे जाणारे सिग्नल मधल्या एव्ही नोडमध्ये अडवले जातात. तुमच्या आईसारखं वरच्या कप्प्यांत एट्रियल फिब्रिलेशन असेल तर मिनिटाला शेकडो वेडेवाकडे सिग्नल खाली यायला बघत असतात, ते गाळून ठोके सत्तर-ऐंशीवर आणायला हा परिणाम उपयोगी पडतो. माझ्या मते आज डिगॉक्सिन देण्याचं खरं कारण बहुतेक वेळा हेच असतं. अर्थात हे बसल्या जागी छान चालतं, जिना चढताना नाही, कारण चालायला लागलं की शरीरातलं अ‍ॅड्रेनलिन व्हेगसवर मात करतं.

आता रेंज अरुंद का. याची कारणं पेशीतच आहेत, आणि मला वाटतं पेशंटच्या घरच्यांना ती कळली तर निम्मे घोटाळे होणार नाहीत.

पहिलं कारण असं की फायदा आणि विषार या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. बऱ्याच औषधांत फायदा एका ठिकाणी आणि साइड इफेक्ट दुसऱ्याच ठिकाणी होतो, त्यामुळे मध्ये भरपूर जागा असते. इथे तसं नाही. जे कॅल्शियम थोडं वाढलं की आकुंचन सुधारतं, तेच अजून थोडं वाढलं की साठा ओसंडायला लागतो, आणि दोन ठोक्यांच्या मधल्या विश्रांतीच्या वेळात कोणी न सांगता त्यातून कॅल्शियम सुटतं. हे सुटलेलं कॅल्शियम बाहेर टाकायला पुन्हा तोच एक्स्चेंजर धावतो. एक कॅल्शियम म्हणजे दोन धन भार बाहेर आणि तीन सोडियम म्हणजे तीन धन भार आत, म्हणजे हिशोबाने एक जास्तीचा धन भार आत येतो. असे पुरेसे भार आत आले की पेशीला वाटतं सिग्नल आला, आणि ती मधेच एक जादा ठोका टाकते. डिगॉक्सिनच्या विषबाधेत ईसीजीवर दिसणारे जादा ठोके, जोडीने येणारे ठोके, पुढे जाऊन खालच्या कप्प्यांतून उठणारी जीवघेणी लय, या सगळ्याचं मूळ हे असं आहे.

दुसरं कारण आकड्यांत आहे. एक्स्चेंजर एका कॅल्शियममागे तीन सोडियम वापरतो, त्यामुळे आतल्या कॅल्शियमवर आतल्या सोडियमचा परिणाम सरळ न होता घनाच्या प्रमाणात होतो. आतलं सोडियम 10 चं 12 झालं, म्हणजे फक्त वीस टक्के वाढलं, तर एक्स्चेंजरचा समतोल ज्या कॅल्शियमवर येतो ते 1.2 गुणिले 1.2 गुणिले 1.2, म्हणजे जवळजवळ 1.7 पट होतं. सोडियम 15 झालं तर 3.4 पट. खऱ्या पेशीत कॅल्शियम बाहेर काढायला अजून एकदोन वाटा आहेत, त्यामुळे प्रत्यक्षात अगदी एवढं होत नाही, पण वाढ कशी होते ते लक्षात येईल. त्यात पंपांची राखीव ताकद धरा. सुरुवातीला थोडे पंप बंद झाले तर आत वाढलेलं सोडियम उरलेल्या पंपांना जास्त जोरात चालवतं, पेशी सांभाळून घेते, बाहेरून फारसं काही दिसत नाही. पण ही राखीव ताकद संपत आली की पुढचे थोडेसेच पंप बंद झाले तरी सोडियम भराभर चढतं, आणि त्याच्यावर तो घन. म्हणून डिगॉक्सिनवर पेशंट महिनोन् महिने ठीक असतो आणि आठ-दहा दिवसांत एकदम बिघडतो, घरचे म्हणतात गोळी तर तीच आहे.

गोळी तीच असते, पोटॅशियम तेवढं नसतं. तुमच्या डॉक्टरांनी पोटॅशियम का मागितलं ते इथे येतं. पंप एका फेरीत दोन बाजूंना तोंड फिरवतो. सोडियम बाहेर टाकून झालं की त्याचं तोंड बाहेर असतं, तिथे पोटॅशियम येऊन बसलं की तो ते घेऊन आत वळतो. डिगॉक्सिन चिकटतं ते नेमकं या बाहेर तोंड असलेल्या अवस्थेत. रक्तात पोटॅशियम भरपूर असेल तर पंप लगेच वळतो, डिगॉक्सिनला बसायला कमी वेळ मिळतो. पोटॅशियम कमी असेल तर पंप बाहेर तोंड करून वाट बघत राहतो आणि डिगॉक्सिन येऊन बसतं. म्हणजे रक्तात डिगॉक्सिन तेवढंच असलं तरी पोटॅशियम 4.2 असताना जेवढे पंप बंद असतात त्यापेक्षा 2.9 असताना जास्त बंद होतात. लॅब मोजते ते रक्तातलं डिगॉक्सिन, पंपावर किती बसलंय ते कोणतीच लॅब मोजत नाही. आणि हार्ट फेल्युअरच्या पेशंटला जी पाण्याची गोळी असते, फ्युरोसेमाइड किंवा टॉर्सेमाइड, ती लघवीवाटे पोटॅशियम आणि मॅग्नेशियम दोन्ही घालवते.

रिपोर्टवरचं 'नॉर्मल' पण समजून घ्या. बऱ्याच लॅबच्या कागदावर अजून 0.8 ते 2.0 नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर अशी जुनी रेंज छापलेली असते. 1997 मध्ये हार्ट फेल्युअरच्या 6800 पेशंटांवरचा डिग ट्रायल नावाचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात डिगॉक्सिनने अ‍ॅडमिट व्हायची वेळ कमी आली पण मृत्यू कमी झाले नाहीत. नंतर त्याच अभ्यासातल्या पुरुष पेशंटांचे आकडे पुन्हा तपासले तेव्हा असं दिसलं की ज्यांची रक्तातली पातळी 0.5 ते 0.8 होती त्यांचं बरं चाललं होतं आणि 1.2 च्या वर असलेल्यांत मृत्यू जास्त होते. तेव्हापासून हार्ट फेल्युअरला आम्ही 0.5 ते 0.9 च्या आत ठेवायला बघतो. म्हणजे तुमच्या आईचं 1.5 हे लॅबच्या कागदावर नॉर्मल आणि माझ्या हिशोबाने जास्त, आणि पोटॅशियम कमी निघालं तर फारच जास्त.

पण 1.5 वर विश्वास ठेवायच्या आधी रक्त कधी दिलं ते आठवा. गोळी पोटात गेल्यावर औषध आधी रक्तात येतं आणि मग हळूहळू स्नायूंत, हृदयात मुरतं, त्याला सहा ते आठ तास लागतात. त्याआधी रक्त काढलं तर आकडा खोटा जास्त येतो. आमच्याकडे हे नेहमी होतं, पेशंट सकाळी आठला चहाबरोबर गोळी घेतो, नऊला राजारामपुरीत लॅबला जाऊन रक्त देतो आणि दुपारी 2.4 चा कागद घेऊन घाबराघुबरा होऊन येतो. मी सांगतो की गोळी रात्री घ्या आणि रक्त सकाळी द्या, किंवा सकाळी घेत असाल तर आधी रक्त, मग गोळी.

आता एक केस सविस्तर सांगतो, तुमच्या आईच्या केसशी बरीच जुळते. गडहिंग्लजकडच्या एक आजी, वय 72, वजन 48 किलो. झडपेचा जुना आजार, एट्रियल फिब्रिलेशन, हार्ट फेल्युअर. डिगॉक्सिनची 0.25 मिलिग्रॅमची गोळी अर्धी, आठवड्यातून पाच दिवस, सोबत फ्युरोसेमाइड. किडनीचं काम मंदावलं की वाढतं ते क्रिएटिनीन 0.9, पोटॅशियम 4.2, डिगॉक्सिन 0.9, ठोके ऐंशीच्या आसपास, सगळं जागेवर. पावसाळ्यात त्यांना जुलाब लागले. खाणंपिणं कमी झालं, पण हृदयाच्या गोळ्या चुकवायच्या नाहीत असं मनात पक्कं, म्हणून डिगॉक्सिन आणि पाण्याची गोळी दोन्ही नेमाने चालू. त्यात गुडघा दुखतो म्हणून मेडिकलमधून आणलेली डायक्लोफिनॅकची गोळी पण चालू. जुलाब थांबले पण मळमळ थांबेना, जेवणाचा वास नको, दिवसभर पडून. घरच्यांना वाटलं अशक्तपणा आहे, सलाइन लावलं की उठतील.

आणल्या तेव्हा नाडी 44. आणि मला जी गोष्ट सगळ्यात जास्त खटकली ती म्हणजे नाडी एकदम नियमित होती. मुलगा सांगत होता की घरच्या बीपी मशीनवर अनियमित ठोक्यांची खूण यायची ती आता येत नाही, म्हणजे हृदय सुधारलं असेल. एट्रियल फिब्रिलेशनच्या पेशंटची नाडी डिगॉक्सिनवर असताना अचानक संथ आणि घड्याळासारखी नियमित झाली तर ते सुधारणेचं लक्षण समजू नका. वरचे कप्पे अजून तसेच थरथरत असतात, पण एव्ही नोड पूर्ण अडवला गेलेला असतो, वरून एकही सिग्नल खाली येत नाही, आणि खालचं एक राखीव केंद्र आपल्या संथ लयीत ठोके देत असतं. ईसीजीत तेच होतं, मधून मधून खालच्या कप्प्यांचे जादा ठोके. एसटीचा भाग खाली खोलगट झालेलाही होता, पण त्याचा फार अर्थ काढू नये, तो डिगॉक्सिन घेणाऱ्या अनेकांत दिसतो, औषध अंगात आहे एवढंच तो सांगतो.

रिपोर्ट आले, क्रिएटिनीन 1.9, पोटॅशियम 2.9, मॅग्नेशियम कमी, डिगॉक्सिन 1.4. लॅबच्या कागदावर 1.4 समोर काहीच खूण नाही.

हिशोब बघा. डिगॉक्सिनचा बराचसा भाग, साधारण साठ ते ऐंशी टक्के, जसाच्या तसा किडनीतून बाहेर जातो. जुलाबाने अंगातलं पाणी गेलं, वर डायक्लोफिनॅकने किडनीचा रक्तपुरवठा आवळला, किडनीचं काम निम्म्याहून कमी झालं. उरलेली वाट, म्हणजे लिव्हर आणि आतडं, तेवढीच चालू. त्यामुळे पातळी दीड पटीने वाढली, 0.9 ची 1.4 झाली. ही वाढ एकटी असती तर कदाचित मळमळीवर भागलं असतं. पण त्याच वेळी जुलाब आणि पाण्याची गोळी दोघांनी मिळून पोटॅशियम 4.2 वरून 2.9 वर आणलं, म्हणजे वाढलेल्या डिगॉक्सिनला पंपावर बसायला जागाही जास्त मिळाली. आणि 48 किलोच्या म्हाताऱ्या माणसात स्नायू कमी असतो. अंगात शिरलेलं डिगॉक्सिन मुख्यतः स्नायूंत जाऊन बसतं, स्नायू कमी तर रक्तात आणि हृदयाच्या वाट्याला जास्त. क्रिएटिनीनही स्नायूंतूनच येतं, म्हणून बारीक पेशंटचं क्रिएटिनीन 0.9 दिसलं तरी किडनी तरण्या माणसाइतकी चालत नसते, हे डोस ठरवतानाच धरावं लागतं.

मळमळ आणि जेवण नकोसं होणं हेसुद्धा त्याच पंपाचं काम आहे. हा पंप फक्त हृदयात नसतो, सगळ्या पेशींत असतो. मेंदूत उलटीचं केंद्र आहे तिथे तो अडला की मळमळ, डोळ्याच्या पडद्यावर अडला की सगळं पिवळसर दिसणं किंवा दिव्याभोवती वलय, म्हाताऱ्या माणसात गोंधळणं. हे त्रास हृदयाच्या आधी येतीलच असं नाही, पण आले तर पोटाचं औषध देत बसू नये. 1785 मध्ये इंग्लंडच्या विल्यम विदरिंग यांनी फॉक्सग्लोव्हवर पुस्तक लिहिलं, तेव्हा रक्तातली पातळी मोजायची सोय नव्हती आणि पानांचा जोरही प्रत्येक खेपेला वेगळा. त्यांनी लिहून ठेवलंय की लघवी, पोट, नाडी किंवा आतडं यांपैकी कशावरही परिणाम दिसला की तिथेच औषध थांबवा. ते झाड जांभळ्या फुलांचं होतं. आजचं डिगॉक्सिन त्याच्याच जातीच्या डिजिटॅलिस लॅनाटा या झाडातून येतं, 1930 मध्ये ते वेगळं काढलं गेलं. गोळीत मात्रा आता मायक्रोग्रॅमपर्यंत नेमकी असते, पण मळमळ आली की थांबा हा विदरिंगचा नियम मी आजही पाळतो.

आजींना काय केलं ते सांगतो. डिगॉक्सिन, पाण्याची गोळी, डायक्लोफिनॅक तिन्ही बंद. मॉनिटरवर ठेवलं. पोटॅशियम सलाइनमधून अगदी हळू, कारण कमी पोटॅशियम वाईट तसं ते भराभर वाढवणंही वाईट, एव्ही नोड आधीच अडलेला असताना पोटॅशियम जास्त झालं तर ब्लॉक अजून वाढतो आणि किडनी मंद असल्यामुळे ते अंगात साचतंही. मॅग्नेशियम दिलं, नाहीतर पोटॅशियम टिकत नाही. पाणी बेताने दिलं, हार्ट फेल्युअर विसरून चालत नाही. बीपी टिकून होतं, शुद्ध चांगली होती, म्हणून थांबून बघितलं. तिसऱ्या दिवशी सकाळी नाडी 76 आणि पुन्हा अनियमित, सिस्टरने तसं सांगितल्यावर आम्हाला हायसं वाटलं, कारण अनियमित नाडी म्हणजे नोड पुन्हा सिग्नल खाली सोडायला लागला. जेवण त्याच्या दुसऱ्या दिवसापासून जायला लागलं.

घरचे विचारत होते की डायलिसिसने औषध काढून टाकता येणार नाही का. नाही येत. डिगॉक्सिन अंगभर स्नायूंत मुरलेलं असतं, रक्तात असतो तो त्यातला अगदी लहान हिस्सा, डायलिसिस रक्त धुतं, स्नायू नाही. पेशंट अस्थिर असेल, बीपी पडलं असेल, खालच्या कप्प्यांची लय सुटली असेल तर डिगॉक्सिनला पकडणाऱ्या अँटिबॉडीचं इंजेक्शन हा खरा उतारा आहे. ती रक्तात डिगॉक्सिनला धरून ठेवते, मग पंपावरचं सुटून रक्तात येतं आणि तेही धरलं जातं. पण ते महाग आहे आणि वेळेला सगळीकडे मिळत नाही. ते दिल्यावर रक्तातली डिगॉक्सिनची पातळी उलट वाढलेली दिसते, कारण पकडलेलंही त्यात मोजलं जातं, त्यामुळे मग त्या आकड्यावर निर्णय घेता येत नाहीत.

पोटॅशियमबद्दल एक बाजू उलटीही आहे. आजींसारख्या हळूहळू झालेल्या विषबाधेत पोटॅशियम कमी असणं हे कारण असतं. पण कोणी एकदम खूप गोळ्या घेतल्या तर सगळ्या शरीरातले पंप एकदम अडतात, पोटॅशियम पेशींत शिरत नाही आणि रक्तात चढत जातं. अशा वेळी वाढलेलं पोटॅशियम हीच धोक्याची सूचना असते. आपल्या बांधावरची कण्हेर आणि पिवळी कण्हेर, जिला आपण बिट्टी म्हणतो, यांतले विषही डिगॉक्सिनचे भाऊबंद, नेमके याच पंपावर बसतात. श्रीलंकेत बिट्टीच्या विषबाधेवर डिगॉक्सिनचीच अँटिबॉडी वापरून चांगला गुण आल्याचं दिसलंय. म्हणून हृदयाला चांगलं म्हणून कोणी कण्हेरीचा काढा सांगितला तर हात जोडून नको म्हणा, त्यात मात्रा कोणीच मोजलेली नसते, आणि डिगॉक्सिनवर असलेल्या माणसाला तर तो मुळीच नको.

शनिवार-रविवारच्या सुट्टीबद्दल तुम्ही विचारलं नाही पण आईला ती आहे म्हणून सांगतो. आपल्याकडे गोळी मुख्यतः 0.25 ची मिळते, बऱ्याच जणांना ती रोज जास्त होते, म्हणून आठवड्याची सरासरी खाली आणायला पाच दिवसांची पद्धत रुळली. किडनी चांगली असेल तर हे औषध निम्मं व्हायला दीड-दोन दिवस लागतात, त्यामुळे शुक्रवारच्या गोळीपासून सोमवारच्या गोळीपर्यंत पातळी जवळजवळ एक तृतीयांशावर येते, आणि सोमवारी ठोके वाढलेले दिसतात. मला स्वतःला रोज एकसारखा छोटा डोस जास्त पटतो. पण गोळी लहान असते, हाताने अर्धी करताना एक तुकडा मोठा एक छोटा होतो, ज्यांना दिसत नाही, हात थरथरतो, त्यांना सुट्टीची पद्धत सोपी पडते. तेव्हा हे घरात कोण गोळी देतं त्यावर आहे. तुम्ही मनाने बदलू नका, विचारून बदला.

आईसाठी डॉक्टरांकडे जाल तेव्हा हे विचारा: पोटॅशियम, मॅग्नेशियम, क्रिएटिनीन आणि ईसीजी झालं का, आणि रक्त गोळीनंतर सहा तासांच्या आत दिलं गेलं असेल तर डिगॉक्सिन परत मोजायचं का. गेल्या पंधरा दिवसांत चालू झालेली प्रत्येक गोळी दाखवा, दुखण्याची, खोकल्याची, अँटिबायोटिक, सगळी, कारण क्लॅरिथ्रोमायसिन, अ‍ॅमिओडॅरोन, व्हेरापामिल यांसारखी औषधं डिगॉक्सिन बाहेर टाकायची वाट अडवतात आणि डोस न बदलता पातळी चढते. पोटॅशियम कमी आहे म्हणून शहाळ्याचं पाणी भरपूर पाजू नका. किडनी मंद असेल किंवा पोटॅशियम अंगात धरून ठेवणारी स्पायरोनोलॅक्टोनची गोळी चालू असेल तर तेच पोटॅशियम वर उडी मारतं.

गोळी परत चालू करायची का हे किडनी कुठे येऊन थांबते त्यावर ठरेल. आमच्या आजींचं क्रिएटिनीन 1.1 वर येऊन थांबलं, बीपीने साथ दिली म्हणून ठोक्यांसाठी कमी डोसचं बीटा ब्लॉकर दिलं आणि डिगॉक्सिन पुन्हा चालू केलं नाही. तुमच्या आईचं बीपी आधीपासून कमी असेल तर कदाचित डिगॉक्सिनच परत लागेल, पण मग अर्ध्याच्याही निम्म्याने सुरू करा, आठ-दहा दिवसांनी पातळी बघा, आणि जुलाब-उलटी लागली त्या दिवशी डिगॉक्सिन आणि पाण्याची गोळी थांबवून आधी फोन करायचा हे आत्ताच डॉक्टरांकडून लिहून घ्या.